दुसऱ्याच्या सणाचे नाव

नारळी पौर्णिमेच्या आगेमागे किंवा गणेशोत्सवाच्या गडबडीत दरवर्षी एक दिवस असा येतो की, मुंबई, पुणे, नाशिक येथील कचेऱ्यांत, कारखान्यांत आणि इस्पितळांत काही जागा रिकाम्या असतात, काही रजेचे अर्ज महिनाभर आधीच मंजूर होऊन दफ्तरी दाखल झालेले असतात, आणि रजा न मिळाल्यामुळे कामावर आलेली एखादी मल्याळी परिचारिका किंवा एखादा लेखनिक दुपारच्या सुट्टीत घरी दूरध्वनी करण्यासाठी एकांत शोधीत असतो. परंतु आपण मराठी माणसे आपल्याच मोदकांत, मांडवांत आणि वर्गणीच्या हिशेबांत इतके गढून गेलेलो असतो की, शेजारच्या मेजावर वर्षातला सर्वांत मोठा सण येऊन गेला, ही वार्ताही आपल्यापर्यंत पोहोचत नाही. हा दिवस तिरुओणमचा. माझी सारी नोकरी मुंबईतील एका केंद्र सरकारी कार्यालयात, निरनिराळ्या प्रांतांच्या माणसांच्या सहवासात गेली, आणि त्या सहवासात अशा दिवशी सहकाऱ्याला काय म्हणावे, केव्हा म्हणावे आणि क्वचित काय म्हणू नये, याविषयी जे पाहिले, विचारले आणि मनाशी नक्की केले, तेवढेच येथे सांगण्याचा विचार आहे.

प्रथम दिवसाचीच गोष्ट. आपले बहुतेक सण तिथीवर ठरतात; ओणम मात्र नक्षत्रावर ठरतो. केरळात सौर महिने चालतात, आणि सूर्य सिंह राशीत प्रवेश करतो तेव्हा, म्हणजे सामान्यतः १७ ऑगस्टच्या सुमारास, त्यांचा चिंगम महिना सुरू होतो. इसवी सन ८२५ पासून मोजल्या जाणाऱ्या कोल्लम संवत्सराचा हा पहिला महिना. या चिंगम महिन्यात चंद्र श्रवण नक्षत्रात येतो तो दिवस तिरुओणमचा. श्रवणालाच मल्याळीत तिरुओणम म्हणतात. सूर्य सिंहेत आणि चंद्र श्रवणात असला म्हणजे त्या दोहोंतील अंतर असे पडते की, हा दिवस नेहमी शुद्ध पक्षाच्या अखेरच्या चार-पाच तिथींतच येतो. मात्र तो शुद्ध पक्ष कधी श्रावणाचा असतो, तर कधी भाद्रपदाचा. २०२३ साली तिरुओणम २९ ऑगस्टला, म्हणजे नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आला. २०२४ साली तो १५ सप्टेंबरला, म्हणजे ऐन गणेशोत्सवात आला. आणि २०२५ साली ५ सप्टेंबरला, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या आदल्याच दिवशी आला. ज्याला गेल्या वर्षीची तारीख पाठ आहे आणि तीच यंदाही गृहीत धरतो, त्याची शुभेच्छा पंधरवडाभर आधी किंवा नंतर जाऊन पडते. आपल्या छापील दिनदर्शिकांत ओणम बहुधा दिलेला असतो. त्या चौकटीवर ऑगस्टच्या आरंभीच एकदा बोट ठेवून घेतले की हा प्रश्न मिटतो.

परंतु ओणम हा एका दिवसाचा सणही नव्हे. हस्त नक्षत्राला, म्हणजे त्यांच्या अत्तम या दिवशी, अंगणात फुलांचे पहिले लहानसे वर्तुळ घालतात, ते पूक्कळम रोज वाढत वाढत दहाव्या दिवशी तिरुओणमला पूर्ण होते. पैकी उत्राडम हा आदला दिवस पहिला ओणम, तिरुओणम हा दुसरा, अविट्टम तिसरा आणि चतयम चौथा अशी मोजणी आहे. या मोजणीचा कचेरीतल्या माणसाला प्रत्यक्ष उपयोग असा की, तिरुओणमच्या दिवशी तुमचा सहकारी बहुधा कामावर नसतोच. केंद्र सरकारच्या कार्यालयांत ज्या ऐच्छिक सुट्ट्यांच्या यादीतून प्रत्येकाने वर्षाला दोन दिवस निवडावयाचे असतात, त्या यादीत ओणम आहे, आणि मल्याळी माणसाची एक निवड ठरलेली असते. तेव्हा शुभेच्छा द्यावयाची ती उत्राडमच्या दिवशी, कचेरी सुटण्याच्या आधी. त्या संध्याकाळी केरळातील प्रत्येक बाजारात केळीची पाने, भाज्या आणि नवी वस्त्रे यांसाठी जी धावपळ उडते, तिला ‘उत्राडप्पाच्चिल’ असे खास नाव आहे. माटुंग्याच्या किंवा डोंबिवलीच्या बाजारात ती थोड्या प्रमाणात आपल्यालाही पाहावयास मिळते. ‘आज तुमची उत्राडप्पाच्चिल असेल, लवकर निघा,’ असे एखाद्या मराठी वरिष्ठाने म्हटले तर त्या वाक्याने होणारा संतोष छापील शुभेच्छापत्राने होणार नाही. आणि तो दिवस हुकला तरी खंत करण्याचे कारण नाही. रजेवरून परतलेल्या माणसाला अविट्टमच्या किंवा चतयमच्या दिवशी म्हटलेली शुभेच्छा शिळी ठरत नाही, कारण त्याच्या हिशेबाने ओणम अजून चालूच असतो.

आता शब्दांविषयी. लिहिताना आणि समारंभाने बोलताना मल्याळी माणूस ‘ओणाशंसकळ्’ म्हणतो. अधिक आदराने म्हणावयाचे तर ‘तिरुवोणाशंसकळ्’. यातील ‘आशंसा’ संस्कृतच, आणि शेवटचे ‘कळ्’ हे अनेकवचन. हा शब्द उच्चारण्याच्या बाबतीत मराठी माणसाचे भाग्य असे की, त्यातील ण आणि ळ ही दोन्ही व्यंजने, जी उत्तरेकडच्या कित्येकांच्या जिभेला दाद देत नाहीत, ती आपल्या बाळांना बोबड्या वयानंतर लगेच साधलेली असतात. म्हणून आपण ‘ओनम’ म्हणण्याचे काहीच कारण नाही. बाण आणि कोण या शब्दांतला जो ण, तोच येथे. शेवटचा ळही फळातला ळ आहे तसाच पाय मोडून म्हणावा, आणि त्यापूर्वीचा क बोलण्यात किंचित मऊ होऊन ग कडे झुकतो, एवढे कानाने एकदा ऐकून घेतले की पुरे. कोणी फक्त ‘हॅपी ओणम’ म्हटले तरी त्यात वावगे काही नाही, केरळातले तरुणही आपसांत तसे म्हणतात. पण तेथेही ण जाग्यावर असावा.

तथापि माझे मत असे बनले आहे की, या समारंभाच्या शब्दापेक्षा एक साधा प्रश्न अधिक जवळचा असतो, आणि तो प्रश्न मला एका सहकाऱ्याच्या तोंडून ऐकून माहीत झाला. हे गृहस्थ पंपा नदीकाठचे, चेंगन्नूरच्या बाजूचे. लेखा विभागात आमच्या शेजारी बसत. ऑगस्ट लागला की त्यांच्या भेटीस येणारा प्रत्येक मल्याळी माणूस, मग तो शिपाई असो की अधिकारी, प्रथम एकच गोष्ट विचारी: ‘ओणत्तिनु नाट्टिल पोकुन्नुण्डो?’ म्हणजे ओणमला गावी जाताय का? हा प्रश्न ऐकताच मला कोकणातले आमचे सारे चाकरमानी आठवले, कारण आषाढ सरला की लालबाग-परळला भेटणारा प्रत्येक मालवणी माणूस दुसऱ्याला हेच विचारतो, फक्त ओणमच्या जागी गणपती असतो. आणि हे साम्य नुसत्या प्रश्नापुरते राहात नाही. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि लोकमान्य टिळक टर्मिनसहून तिरुअनंतपुरमला जाणारी नेत्रावती एक्स्प्रेस त्याच लोहमार्गाने धावते, ज्या मार्गाने गणपतीच्या जादा गाड्या सावंतवाडीकडे जातात. ज्या वर्षी तिरुओणम भाद्रपदात येतो, त्या वर्षी एकाच फलाटावर दोन्ही मुलुखांची माणसे, सारख्याच गाठोड्यांनिशी आणि सारख्याच उतावीळपणे उभी असतात, आणि आरक्षणासाठी दोघांचीही सारखीच परवड झालेली असते. म्हणून मराठी सहकाऱ्याने ‘तिकीट मिळाले का?’ एवढे जरी विचारले तरी ओणमविषयीचा तो सर्वांत समजूतदार प्रश्न ठरतो, कारण तो त्याच्या त्या वेळच्या खऱ्या काळजीला जाऊन भिडतो. ती काळजी किती खोल असते, हे त्यांच्या एका म्हणीवरून कळते. आपल्याकडे ऋण काढून सण करू नये असे वडीलधारे बजावतात. त्यांची म्हण नेमकी उलट सांगते की, काणम विकूनही, म्हणजे कसण्याचा हक्क विकावा लागला तरी, ओणम जेवावाच. जेथे म्हणच अशी, तेथे रजेचा अर्ज नामंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने आपण काय नाकारतो आहोत हे जाणून घेऊन मग लेखणी उचलावी.

ओणमच्या नावाबरोबर महाबलीची कथा येते, आणि येथे मराठी माणसाने थोडे जपून पाऊल टाकले पाहिजे, कारण ही कथा आपलीही आहे. आपल्या कुणब्याच्या घरी दिवाळीच्या पाडव्याला बळीराजाचे स्मरण होते, इडापिडा टळून बळीचे राज्य यावे असे आपल्या आयाबाया ओवाळताना म्हणतात, आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त याच बळीला प्रजाहितदक्ष राजाचे स्थान दिले. केरळातही त्याच राजाला, ज्याला ते प्रेमाने मावेली म्हणतात, वर्षातून एक दिवस आपल्या प्रजेच्या भेटीस येण्याची मुभा मिळाली आणि तो दिवस तिरुओणमचा, अशी श्रद्धा आहे. कोचीजवळ तृक्काकरा येथे वामनाचे देऊळ आहे आणि ओणमचा संबंध त्या क्षेत्राशी जोडला जातो, हेही खरे. पण म्हणून, भाद्रपद शुद्ध द्वादशी जवळ आली आहे असे पाहून, कोणी मल्याळी माणसाला ‘वामन जयंतीच्या शुभेच्छा’ देऊ लागला तर तो त्याच्या सणाचे नावच बदलीत असतो. घराघरांत ज्याची वाट पाहिली जाते तो येणारा राजा आहे, त्याला पाताळात पाठविणारा नव्हे. आणि ज्या नावाने सारा केरळ हा दिवस ओळखतो, ते नाव ओणम हे एकच आहे. ‘आमच्याकडेही बळीची पूजा असते’ हे सांगावे, अवश्य सांगावे, ऐकणाऱ्याला ते आवडते असा माझा अनुभव आहे. मात्र आधी त्याचा सण त्याच्या नावाने म्हणावा, आणि आपला पाडवा दोन महिन्यांनी येतो तेव्हा त्याचे निमंत्रण द्यावे.

या एका नावाचे मोल आणखी एका कारणाने मोठे आहे. आमच्याच कार्यालयात कोट्टयमकडच्या एक लघुलेखिका होत्या, सिरियन ख्रिस्ती घराण्यातल्या. वयाने आणि अनुभवाने वडील म्हणून केरळातली तरुण मंडळी त्यांना ‘चेची’, म्हणजे ताई, म्हणत, आणि पुढे पुढे आमची मराठी मंडळीही म्हणू लागली. ओणम आला की लेखा विभागातल्या त्या गृहस्थांना शुभेच्छा देणारी माणसे चेचींच्या मेजावरून निमूट पुढे जात, कारण गळ्यातला क्रूस पाहून त्यांनी आपल्या मनाशी ठरवून टाकलेले असे की, हा सण यांचा नव्हे. वस्तुतः चेचींच्या घरी त्या दिवशी केळीच्या पानावर पूर्ण सद्या होत असे, आणि इंजिप्पुळी नावाचे आले-चिंचेचे जे लोणचे त्या दुसऱ्या दिवशी डब्यातून आणीत, त्याची चव आमच्यापैकी कित्येकांच्या जिभेवर अद्याप आहे. केरळातील अनेक ख्रिस्ती आणि मुसलमान कुटुंबे ओणमला आपला सण मानतात. काही मानीत नाहीत, आणि त्यांची कारणे त्यांची स्वतःची असतात. म्हणून धर्मावरून अनुमान करू नये आणि आडनावावरूनही करू नये. माटुंग्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे पालक्काडचे अय्यर घरात तमिळ बोलतात आणि मूळ गाव केरळातले सांगतात. त्यांच्यापैकी कोणाकडे ओणमचे जेवणही होते आणि पोंगलचे मडकेही चढते. यावर एकच उपाय आहे, आणि तो अतिशय सोपा आहे: पहिल्या वर्षी विचारावे. ‘तुमच्या घरी ओणम करतात का?’ हा प्रश्न मोकळेपणाने विचारला तर कोणाला राग आल्याचे मी पाहिलेले नाही. हाच नियम जेवणालाही लावावा. ओणमचे जेवण शाकाहारीच असणार, असे आपण समजतो. दक्षिण केरळात ते तसेच असते, पण कण्णूर-कोळिकोडकडच्या पुष्कळ घरांत त्या दिवशी मासळी वा मांसही पानावर येते. ‘पायसम कोणते केले?’ असे विचारावे. मग उत्तर अडप्रधमनचे येवो की पालपायसमचे, बोलणे आपोआप घरापर्यंत जाते.

पोंगलचा विषय येथे आलाच आहे, तर त्याचीही वेगळी ओळख सांगितली पाहिजे, कारण दोन सणांची सरमिसळ करण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. एके काळी मुंबईत कृष्णेच्या पलीकडून आलेला प्रत्येक माणूस ‘मद्रासी’ या एका सदरात जमा होई, आणि त्यामुळे मल्याळी माणसाला पोंगलच्या आणि तमिळ माणसाला ओणमच्या शुभेच्छा मिळत. हल्ली दूरध्वनीवर जी आयती चित्रे फिरतात, त्यांतही हा घोटाळा होतो. पाठविण्यापूर्वी चित्राकडे नीट पाहावे: उसाची कांडी, उतू जाणारे मडके आणि मडक्याच्या गळ्याला बांधलेले हळदीचे ओले रोप दिसले तर ते पोंगलचे, फुलांचे वर्तुळ, लांबलचक होडी आणि ताडाच्या पानांची छत्री धरलेला राजा दिसला तर ते ओणमचे. पोंगल येतो तमिळ तै महिन्याच्या आरंभी, म्हणजे आपल्या संक्रांतीला, १४ किंवा १५ जानेवारीस. त्याचे दिवस चार: आदल्या दिवशीची भोगी, जी आपल्याकडेही आहे, मग मुख्य तैप्पोंगल, मग गाईबैलांचा माट्टुप्पोंगल, आणि शेवटी आप्तेष्टांना भेटण्याचा काणुम पोंगल. लेखी शुभेच्छा ‘इनिय पोंगल् नल्वाऴ्त्तुक्कळ्’. यातला ऴ आपल्या ळ पेक्षा जीभ अधिक मागे वळवून काढावा लागतो, पण ळ म्हटला तरी तमिळ माणूस तो मोठ्या प्रेमाने स्वीकारतो. मात्र त्या सकाळी तमिळ घरांतून शेजारी शेजाऱ्याला जे विचारतो, ते यापेक्षा साधे आहे: ‘पाल् पोंगुच्चा?’ दूध उतू गेले का? नव्या तांदळाचा भात शिजविण्यासाठी मडक्यात घातलेले दूध काठावरून उसळून बाहेर पडणे हाच सणाचा मुहूर्त असतो, त्या क्षणी घरची सारी मंडळी ‘पोंगलो पोंगल’ असा घोष करतात, आणि तो क्षण नीट पार पडला का, याचीच ही विचारपूस असते. कुंभकोणमच्या एका सहकाऱ्याला आमच्या साहेबांनी तिळगूळ हातावर ठेवून हा प्रश्न विचारला होता, तेव्हा त्या गृहस्थांनी दूध कोणत्या बाजूने उतू गेले तेही सांगितले, कारण पूर्वेकडे गेले तर ते शुभ मानतात, आणि त्यांच्या घरचे नेमके पूर्वेकडे गेले होते. तेलुगू आणि कानडी सहकाऱ्यांना त्या दिवशी पोंगल म्हणू नये. त्यांचा सण संक्रांतीच आहे, आणि कानडी माणूस तर तीळ-गूळ देताना गोड बोलण्याचीच विनंती करतो, त्यामुळे त्याच्यापाशी आपल्याला काहीच नवे शिकावे लागत नाही.

एवढे सारे जाणूनही एखाद्या वर्षी ही शुभेच्छा देऊ नये असा प्रसंग येतो. आपल्याकडे घरात मृत्यू झाला असता ‘यंदा आमच्याकडे सण नाही’ असे म्हणतात. केरळातही अशी कुटुंबे त्या वर्षी ओणम करीत नाहीत. माणूस स्वतः होऊन हे सांगतोच असे नाही. पण ज्याने दरवर्षी महिनाभर आधी रजा मागितली, त्याने यंदा मागितली नाही, किंवा कचेरीच्या दारात मंडळी झेंडू-शेवंतीचे पूक्कळम घालीत असताना तो त्या बाजूला फिरकला नाही, तर आपण थांबावे आणि एकांतात प्रकृतीची चौकशी करावी.

२०१८ साली तर ही वेळ साऱ्या केरळावर आली. त्या वर्षी तिरुओणम २५ ऑगस्टला होता. ऑगस्टच्या मध्यावर अतोनात पाऊस झाला, धरणांचे दरवाजे उघडावे लागले, पंपा, पेरियार, चालक्कुडी या नद्या पात्र सोडून वस्त्यांत शिरल्या, १५ ऑगस्टपासून कोचीचा विमानतळ बंद पडला, रेल्वे ठप्प झाली, शेकडो माणसे मरण पावली आणि लक्षावधी लोक मदत छावण्यांत गेले. राज्य सरकारने ओणमचे सारे सरकारी समारंभ रद्द करून तो पैसा मदतकार्याकडे वळविला. चेंगन्नूरचा परिसर सर्वांत अधिक बुडालेल्या भागांपैकी होता. आमच्या लेखा विभागातल्या त्या गृहस्थांचे घर तेथेच, वृद्ध आई घरी, आणि तीन दिवस कोणाचाही दूरध्वनी लागत नव्हता. नेत्रावतीचे तिकीट हाती असून गाडी जात नव्हती. अशा वेळी कार्यालयातल्या काही उत्साही मंडळींनी, दिनदर्शिकेत तारीख आहे म्हणून, नेहमीप्रमाणे शुभेच्छांचा फलक लावण्याची तयारी चालविली होती. आमच्या अधीक्षकांनी तो फलक थांबविला. ते स्वतः चिपळूणचे, वाशिष्ठीच्या पुरात वाढलेले. तिरुओणमच्या आदल्या दिवशी ते त्या गृहस्थांच्या मेजापाशी गेले आणि चेचींकडून लिहून घेतलेले वाक्य त्यांनी सावकाश उच्चारले: ‘वीट्टिल् एल्लावर्क्कुम् सुखमाणो?’ घरी सर्व सुखरूप आहेत ना? ओणमचा त्यात उल्लेख नव्हता. आई एका शाळेतल्या छावणीत आहे, घराच्या खिडकीपर्यंत पाणी होते, आता चिखल काढावयाचा आहे, असे ते गृहस्थ उभ्याउभ्याच सांगू लागले, आणि सांगता सांगता खाली बसले. अधीक्षकांनी चिखल कसा काढतात, विहीर केव्हा उपसावयाची, भिजलेल्या तांदळाचे काय करावयाचे, हे आपल्या माहितीतले सांगितले, रजेचा अर्ज स्वतःच लिहून आणला आणि त्यावर मुदत घातली नाही. माझ्या साऱ्या नोकरीत ओणमची याहून यथार्थ शुभेच्छा दिली गेल्याचे मी पाहिले नाही.

पुढच्या वर्षी, ११ सप्टेंबर २०१९ रोजी, ऐन गणेशोत्सवात तिरुओणम आला, आणि उत्राडमच्या दुपारी त्या गृहस्थांनी सर्वांना केळ्याच्या उप्पेऱ्या आणि गुळात घोळलेली शर्करवरट्टी वाटली. त्या दिवशी ‘ओणाशंसकळ्’ म्हणावयास कोणालाही संकोच वाटला नाही.

वाचकांस माझी विनंती एवढीच आहे. आपल्या शेजारी बसणारा माणूस कोणत्या जिल्ह्यातून आला, त्याच्या घरी ओणम करतात की पोंगल, हे या महिन्यातच त्याला विचारून घ्यावे, नव्या दिनदर्शिकेत उत्राडमचा आणि तैप्पोंगलचा दिवस खूण करून ठेवावा, आणि त्याला रजा देण्याचा अधिकार आपल्याकडे असेल, तर त्या दिवसाचा अर्ज सर्वांत आधी मंजूर करावा.